धागा: बर्फात रेणू लांब जातात म्हणे, मग आकडे उलटं का सांगतात?

वेदवती

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या मुलांना मी विज्ञान शिकवते. "बर्फ पाण्यावर का तरंगतो" याचं ठरलेलं उत्तर मी इतकी वर्षं देत आले: गोठताना हायड्रोजन बंधांमुळे रेणू एकमेकांपासून लांब जातात, जागा जास्त लागते, घनता कमी होते. मुलं लिहून घेतात, परीक्षेत गुणही मिळतात.

यंदा एका मुलीने विचारलं, "लांब म्हणजे किती लांब?" मला सांगता आलं नाही, म्हणून आकडे शोधले. ते अँगस्ट्रॉममध्ये आहेत, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागात. साध्या बर्फात एका ऑक्सिजनपासून शेजारच्या ऑक्सिजनपर्यंतचं अंतर सुमारे २.७६ अँगस्ट्रॉम, आणि द्रव पाण्यात तेच सरासरी २.८ किंवा किंचित जास्त. म्हणजे बर्फात शेजारी जवळ आहेत आणि पाण्यात लांब!

घनतेचे आकडे मात्र नेहमीचेच. ० अंशाला बर्फ ०.९१७, पाणी ०.९९९८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. शेजारी जवळ असूनही बर्फ हलका कसा? मी काहीतरी चुकीचं वाचतेय का? सोमवारी त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे.

खडूफळा

वेदवतीताई, तुम्ही दोन अंतरांची गल्लत करताय असं वाटतं. रेणूच्या आत ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर साधारण १ अँगस्ट्रॉम असतं, आणि शेजारच्या रेणूशी जो हायड्रोजन बंध होतो तो १.७६ च्या आसपास. हायड्रोजन बंध लांब आणि कमकुवत असतो. बर्फात सगळे रेणू अशा लांब बंधांनी टांगलेले असतात, म्हणून रचना सैल. पाण्यात हे बंध तुटतात आणि रेणू एकमेकांना चिकटून बसतात. त्यात बर्फाची रचना षटकोनी, आणि षटकोनात मधे पोकळी असतेच. मी पंधरा वर्षं असंच शिकवतोय.

निळू

४ अंशांना पाणी सर्वात जड असतं, त्याखाली ते प्रसरण पावू लागतं आणि पावत पावत बर्फ होतं. म्हणून तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. एवढं सोपं आहे, अँगस्ट्रॉम कशाला हवेत?

वेदवती

निळू, तो प्रश्न वेगळा आहे. ४ अंशांना पाण्याची घनता ०.९९९९७ आणि ० अंशाला ०.९९९८४. फरक हजारात एक भागसुद्धा नाही. गोठताना मात्र तापमान न बदलता एकदम आठ टक्क्यांहून जास्त घट होते. हळूहळू "प्रसरण पावत पावत" बर्फ होत नाही, एका पायरीवर उडी पडते. मला ती उडी समजून घ्यायची आहे.

@खडूफळा, १ अधिक १.७६ म्हणजे २.७६. तेच अंतर मी दिलंय. प्रश्न तसाच राहतो: द्रवात ही बेरीज कमी व्हायला हवी होती, ती वाढलेली दिसते.

स्फटिकवेडा

ताई, तुम्ही बरोबर वाचलंय आणि तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं क्ष-किरण विवर्तनाच्या प्रयोगशाळेत काढली. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही पाहिलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

"रेणू लांब जातात" हे वाक्यच सोडून द्या. बर्फात शेजारी लांब जात नाहीत, शेजारी कमी होतात. घनता ठरवताना सर्वात जवळचा शेजारी किती अंतरावर आहे एवढं पाहून भागत नाही, तसे शेजारी किती आहेत हेही पाहावं लागतं.

एक हिशोब करून पाहू, वहीवर करण्याजोगा आहे. पाण्याचा रेणू म्हणजे २.७६ अँगस्ट्रॉम व्यासाची गोटी समजा. डब्यात गोट्या जास्तीत जास्त दाटीने भरल्या तर प्रत्येक गोटीला १२ शेजारी स्पर्श करतात. अशा दाट रचनेत एका गोटीच्या वाट्याला येणारी जागा म्हणजे व्यासाचा घन भागिले २ चं वर्गमूळ. २.७६ चा घन सुमारे २१, भागिले १.४१४, म्हणजे १४.९ घन अँगस्ट्रॉम. एका रेणूचं वस्तुमान २.९९ × १०⁻²³ ग्रॅम. भागाकार केलात की घनता येते जवळजवळ २.०.

दोन! रेणूंमधलं अंतर तसूभरही न बदलता, नुसतं दाटीने रचलं असतं, तर पाण्याच्या दुप्पट जड पदार्थ मिळाला असता.

आता खरा बर्फ घ्या. त्याच्या स्फटिकाची सर्वात लहान पुनरावृत्त होणारी पेटी ० अंशाच्या जवळ अशी असते: तळ समभुज चौकोनाचा, बाजू ४.५२ अँगस्ट्रॉम, कोन १२० अंश, उंची ७.३७. घनफळ साधारण १३०.५ घन अँगस्ट्रॉम आणि त्यात रेणू फक्त चार. म्हणजे प्रत्येकाला ३२.६. घनता काढा, ०.९१७ येते. तराजूवर मिळणारा आकडा क्ष-किरणांनी मोजलेल्या पेटीतून जसाच्या तसा निघतो. याचा अर्थ बर्फाचा हलकेपणा त्याच्या रचनेतच पूर्ण मुरलेला आहे, बाहेरून हवा वगैरे काही मिसळावी लागत नाही.

द्रव पाण्यात एका रेणूच्या वाट्याला येतात २९.९. म्हणजे पाणीसुद्धा दाट नाही! ते बर्फाइतकंच पोकळ आहे, जेमतेम बारावा हिस्सा कमी. माझ्या मते हे चित्र मुलांपुढे आधी ठेवायला हवं: १४.९, २९.९, ३२.६. बर्फ आणि पाणी दोघं एका टोकाला, आणि दाट गोट्या कुठल्या कुठे.

माधवी७

हवेचं काय ते मला विचारायचंच होतं. आमच्या फ्रीझरमधला बर्फ नेहमी मधे पांढरा असतो, बारीक बुडबुडे दिसतात. मी समजत होते बर्फ त्यामुळेच तरंगतो. आणि एक: मागच्या आठवड्यात काचेची बाटली पाण्याने भरून फ्रीझरमध्ये विसरले. तोंडाशी चांगली चार बोटं जागा सोडली होती, तरी तडकली. नऊ टक्के वाढीला तेवढी जागा पुरायला हवी होती ना?

स्फटिकवेडा

माधवीताई, बुडबुडे खरे आहेत, पण ते पाहुणे आहेत. पाण्यात विरघळलेल्या हवेला बर्फाच्या जाळीत जागा मिळत नाही. गोठत जाणारा थर तिला पुढे ढकलत नेतो, आणि पाणी सगळ्या बाजूंनी गोठत आलं की ती मधे अडकते, म्हणून पांढरा गाभा. बुडबुड्यांमुळे घनता आणखी थोडी उतरते. पण एकही बुडबुडा नसलेला काचेसारखा स्वच्छ बर्फही तरंगतोच.

बाटलीत जागा पुरेशी होती, पण ती वर होती. पाण्याचा वरचा थर आधी गोठून काचेला धरला की त्याचंच बूच बसतं. खाली राहिलेल्या पाण्याला वरची मोकळी जागा असून नसल्यासारखी. ते गोठायला लागतं आणि सगळा जोर बाजूच्या काचेवर येतो. बाटली आडवी किंवा तिरपी ठेवली तर हा धोका कमी होतो, पण काच ती काचच.

खडूफळा

हिशोब पटला. पण मग चारच शेजारी का? बंध कमकुवत असल्यामुळेच ना? घट्ट बंध असते तर रेणू जवळ आले असते.

स्फटिकवेडा

इथे गोष्ट उलटी आहे. हायड्रोजन बंध नसेल तर दोन पाण्याचे रेणू एकमेकांच्या इतक्या जवळ येतच नाहीत. बंध नसलेला शेजारी साधारण ३.२ ते ३.५ अँगस्ट्रॉमवर थांबतो. बंध त्याला २.७६ पर्यंत *ओढून आणतो*. म्हणजे बंध रेणूंना लांब ठेवत नाही, जवळ आणतो. फक्त तो दिशा पाहून आणतो, आणि बर्फाचा हलकेपणा त्या दिशेतून येतो.

पाण्याच्या रेणूचं देणं-घेणं ठरलेलं आहे. त्याच्याकडे दोन हायड्रोजन आहेत, ते तो दोन शेजाऱ्यांकडे पुढे करतो: दोन देणी. ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन मोकळ्या जोड्या आहेत, तिथे दुसऱ्या दोघांचे हायड्रोजन येऊन टेकतात: दोन घेणी. हे चारही हात साधारण चतुष्फलकाच्या चार टोकांकडे असतात, कोणत्याही दोघांत सुमारे १०९ अंश. सुट्या रेणूत दोन हायड्रोजनांमधला कोन १०४.५ असतो, म्हणजे थोडक्यात जमतं. बंध सर्वात मजबूत केव्हा? देणारा ऑक्सिजन, हायड्रोजन आणि घेणारा ऑक्सिजन एका रेषेत आले की. बर्फात प्रत्येक रेणूला असे चार सरळ बंध मिळतात. ऊर्जेच्या दृष्टीने याहून चांगला सौदा त्याला मिळत नाही, आणि त्याची किंमत मोकळ्या जागेत मोजली जाते.

म्हणून "कमकुवत बंध, म्हणून सैल रचना" असं नाही. बंध पुरेसे बळकट आणि दिशेबद्दल हट्टी आहेत, म्हणून रचना सैल. कमकुवत आणि दिशाहीन असते तर रेणू गोट्यांसारखे दाटले असते.

टिपकागद

पोकळी एवढी मोठी आहे तर त्यात आणखी एक पाण्याचा रेणू का शिरत नाही? की जागा दिसते तेवढी नसते?

स्फटिकवेडा

छान प्रश्न. जागा आहे. बर्फात षटकोनी कड्या एकावर एक येऊन लांबच लांब नळ्या तयार होतात. हेलियमसारखे लहान अणू त्यांतून फिरू शकतात. पाण्याचा रेणूही पोकळीत कसाबसा मावतो, पण तिथे त्याचा हात धरायला कोणी मोकळं नसतं. आजूबाजूच्या सगळ्यांचे चारही हात गुंतलेले. बंधांशिवाय राहणं त्याला परवडत नाही. तरीही अगदी थोडे रेणू असे चुकून पोकळीत सापडतात, आणि वितळणबिंदूच्या जवळ बर्फात रेणूंची जी संथ हालचाल होते ती बरीचशी त्यांच्यामार्फत होते. पण ते इतके विरळ असतात की घनतेवर त्यांचा परिणाम दिसत नाही.

वेदवती

काका, एवढं बारकाईने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मग वितळताना नेमकं काय होतं? बंध तुटतात म्हणून पोकळी ढासळते, असं सांगू का?

खडूफळा

हो, तेच. बंध तुटले की रेणू सुटतात आणि पोकळीत पडतात.

स्फटिकवेडा

अर्धं खरं. सगळे बंध तुटले तर पाणी नाही, वाफ होईल. आकड्यांवरून पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल लागतात. तोच ग्रॅम थेट वाफ करायचा, म्हणजे रेणू एकमेकांपासून पूर्ण सोडवायचे, तर सुमारे २८३० ज्यूल. वितळताना एकूण जोडणीच्या फक्त १२ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा खर्च होते. द्रवातही बहुतेक हात धरलेलेच असतात, फक्त धरणारे सतत बदलत राहतात.

पोकळी भरते ती मुख्यतः वाकण्यामुळे. बर्फात तीन ऑक्सिजनांमधला कोन १०९ च्या आसपास पक्का असतो, म्हणून शेजाऱ्याचा शेजारी ४.५ अँगस्ट्रॉमवर राहतो. त्या दोघांच्या मधे कोणी नसतं, बर्फाची पोकळी म्हणजे हीच रिकामी पट्टी. वितळल्यावर कोन डळमळतात, काही बरेच लहान होतात, आणि शेजाऱ्याचा शेजारी आत झुकून ३.२ ते ३.५ च्या पट्टीत येतो. काही ठिकाणी एखादा बंध सुटतो, त्याचीही मदत होते.

आता ताईंच्या मूळ कोड्याकडे. वितळताना दोन गोष्टी एकाच वेळी होतात. बंध थोडे ढिले पडतात, म्हणून पहिला शेजारी २.७६ वरून २.८ च्या थोडा पुढे सरकतो. एवढंच झालं असतं तर पाणी बर्फाहून *हलकं* झालं असतं. पण त्याच वेळी दुसऱ्या फळीतले काही रेणू आत येतात. बर्फात नेमके चार शेजारी असतात, द्रवात साडेचारच्या आसपास मोजले जातात (नक्की किती, हे मोजणारा सीमारेषा कुठे आखतो त्यावर आहे). दुसरा परिणाम पहिल्यापेक्षा मोठा ठरतो, म्हणून पाणी जड. तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे खरे आहेत, विसंगती कुठेच नाही.

निळू

मग ४ अंशांचंही असंच काहीसं असणार? माझा मुद्दा अगदीच गैरलागू नव्हता तर.

स्फटिकवेडा

नव्हताच. वितळल्यावरही ही वाकण्याची प्रक्रिया थांबत नाही. ० ते ४ अंशांत कोलमडणं अजून थोडं चालू असतं आणि ते नेहमीच्या उष्णतेच्या प्रसरणावर मात करतं. ४ च्या पुढे प्रसरण जिंकतं. मूळ तेच, पण आकार फार लहान. म्हणून वेदवतीताईंनी दोन प्रश्न वेगळे ठेवले ते योग्यच.

अवकाशी

मी अर्धवाहकांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एक भर घालतो. वितळलेल्या सिलिकॉनवर घन सिलिकॉन तरंगतो. घनाची घनता २.३३, द्रवाची सुमारे २.५७. तिथे एकही हायड्रोजन नाही! पण घन सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणूला चतुष्फलकी चार शेजारी असतात आणि वितळला की शेजारी वाढतात. त्यामुळे "हायड्रोजन बंधामुळे बर्फ हलका" यापेक्षा "चार दिशांच्या बंधनामुळे हलका" हे जास्त खोलवरचं कारण वाटतं. पाण्यात ते बंधन हायड्रोजन बंध घालतो एवढंच.

टिपकागद

हे भारी आहे. मग षटकोनाचा काय संबंध राहिला? हिमकणाच्या सहा पाकळ्या तर त्यातूनच येतात ना?

स्फटिकवेडा

सहा पाकळ्या त्यातूनच येतात, हलकेपणा नाही. यावर जरा थांबतो, कारण पुस्तकातल्या चित्रात सपाट षटकोन काढलेला असतो आणि पाहणाऱ्याला वाटतं षटकोन हेच पोकळीचं कारण.

पहिली गोष्ट, ती कडी सपाट नसते. सहा ऑक्सिजन वर-खाली, वर-खाली असे असतात, आरामखुर्चीच्या आकारात. सपाट षटकोनाचा कोन १२० असता, इथे १०९ हवा, म्हणून कडीला मुरड घालावीच लागते. अशा मुरडलेल्या कड्यांचे थर एकावर एक येतात. साध्या बर्फात प्रत्येक थर खालच्या थराच्या आरशातल्या प्रतिमेसारखा बसतो, म्हणून थरांच्या मधे तयार होणाऱ्या काही कड्या खुर्चीऐवजी नावेसारख्या होतात. एकूण स्फटिकाची सममिती षटकोनी निघते.

हेच थर आरशातली प्रतिमा न होता प्रत्येक वेळी थोडे सरकून बसले तर घन सममितीचा बर्फ होतो. तिथेही प्रत्येकाला चारच शेजारी, तेच अंतर, आणि घनता जवळजवळ तीच! २०२० मध्ये तो शुद्ध रूपात मिळवल्याचं दोन वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केलं, त्याआधी मिळायचा तो दोन्ही रचनांची सरमिसळ असायचा. म्हणजे षटकोनी सममिती काढून घेतली तरी बर्फ तितकाच हलका राहतो. चार हात काढून घेतले तर राहणार नाही.

खडूफळा

हे मला नवीन आहे. मी इतकी वर्षं फळ्यावर सपाट षटकोन काढून "ही बघा पोकळी" म्हणत आलो. पण एक शंका राहतेच. दाब दिला तर बंध आखूड होत असणार आणि बर्फ जड होत असणार. म्हणजे शेवटी लांबीच महत्त्वाची ना?

स्फटिकवेडा

दाबाचं उदाहरण घेतलंत हे बरं झालं, कारण लांबीचा सिद्धान्त तिथेच मोडतो. सुमारे २२ हजार वातावरणांच्या पुढे बर्फाचा जो प्रकार मिळतो त्याला सातवा बर्फ म्हणतात. त्यात घन सममितीच्या बर्फाच्या दोन जाळ्या एकमेकींत गुंफलेल्या असतात, एकीच्या पोकळीत दुसरीचे रेणू. दोन्ही जाळ्यांत बंध स्वतंत्र, पण प्रत्येक रेणूभोवती आता आठ शेजारी. घनता दीड-पावणेदोनच्या घरात जाते, हा बर्फ पाण्यात दगडासारखा बुडेल. आणि त्यातली बंधाची लांबी? तो बनू लागतो त्या दाबाला सुमारे २.९ अँगस्ट्रॉम. साध्या बर्फाहून जास्त. आठ जणांना बसवायचं तर प्रत्येकाने थोडं मागे सरकायला हवं. बंध लांबले, तरी पदार्थ जवळजवळ दुप्पट जड झाला.

खडूफळा

मान्य. पुढच्या तासाला चित्र बदलतो.

माधवी७

हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या बरोब्बर मधे असतो का? चित्रात कधी एकाजवळ दिसतो, कधी मधे.

स्फटिकवेडा

साध्या बर्फात मधे नसतो. एका ऑक्सिजनपासून १ अँगस्ट्रॉमवर, दुसऱ्यापासून १.७६ वर. नियम दोनच: प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोनच हायड्रोजन, आणि दोन ऑक्सिजनांच्या मधे एकच. बर्नाल आणि फाउलर यांनी १९३३ मध्ये ते मांडले. हे नियम पाळून हायड्रोजन असंख्य प्रकारे मांडता येतात, आणि बर्फ त्यातली कुठलीही एक विस्कटलेली मांडणी घेऊन गोठतो. १९३५ मध्ये पॉलिंग यांनी त्या मांडण्या मोजून दाखवलं की अतिथंड बर्फातही थोडी अव्यवस्था उरली पाहिजे, आणि पुढच्याच वर्षी उष्णतेच्या मोजमापांतून ती तितकीच निघाली. घनतेवर मात्र याचा परिणाम नगण्य, ऑक्सिजनांची जाळी तीच राहते.

टिपकागद

वाचून राहवलं नाही, घरीच घनता मोजली. पाण्यात बर्फ तरंगतो म्हणून रॉकेल घेतलं, त्यात तो बुडतो. (दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, आसपास विस्तव नव्हता.) तुकडा हवेत ४५.२ ग्रॅम. दोऱ्याने रॉकेलमध्ये टांगून ४.४ ग्रॅम. म्हणजे ४०.८ ग्रॅम रॉकेल बाजूला सारलं. रॉकेलची घनता आधी मोजली होती, ०.८०. घनफळ ५१.०, बर्फाची घनता ०.८८६. काकांच्या ०.९१७ पासून बरीच लांब. बुडबुड्यांमुळे एवढा फरक पडेल?

स्फटिकवेडा

प्रयोग सुरेख केलाय. पण सगळा दोष बुडबुड्यांवर टाकू नका. रॉकेलची घनता कुठल्या तापमानाला मोजलीत?

टिपकागद

खोलीच्या. पण टांगायच्या आधी रॉकेल फ्रीझरमध्ये ठेवलं होतं, तुकडा वितळू नये म्हणून... अरे हो!

स्फटिकवेडा

तिथेच आहे. रॉकेल थंडीत पाण्यापेक्षा खूप जास्त आकसतं. ज्या तापमानाला तुकडा टांगला त्याच तापमानाला त्याची घनता पुन्हा मोजा. आणि दुसरा तुकडा उकळून गार केलेल्या पाण्याचा करा. भांड्याला बाजूंनी आणि खालून जाड कापड गुंडाळून फक्त वरून गोठू द्या, आणि पूर्ण गोठायच्या आत काढून वरचा स्वच्छ भाग घ्या. हवा खालच्या पाण्यात ढकलली गेलेली असेल.

टिपकागद

दोन दिवसांनी परत आलो. थंड रॉकेलची घनता ०.८२ भरली. त्याने जुन्याच तुकड्याचा हिशोब पुन्हा केला: घनफळ ४९.८, घनता ०.९०८. म्हणजे माझ्या चुकीतला मोठा वाटा रॉकेलचा होता. मग स्वच्छ तुकडा: हवेत ३८.६, रॉकेलमध्ये ४.०. घनफळ ४२.२, घनता ०.९१५. माझा काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे यापुढे जाता येणार नाही. पण आता बुडबुड्यांचा वाटा वेगळा दिसतो, एक टक्क्याहूनही कमी. उरलेली सगळी घट रचनेची.

अवकाशी

याच धर्तीवर एक गोष्ट. जड पाण्याचा, म्हणजे ड्यूटेरियम असलेल्या पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. जाळी जवळजवळ तीच, पोकळी तेवढीच, फक्त प्रत्येक रेणू ११ टक्के जड, म्हणून घनता १.०२ च्या आसपास. त्याच्या स्वतःच्या द्रवात मात्र तो तरंगतो, कारण त्या द्रवाची घनता १.१ आहे.

वेदवती

सोमवारचा तास झाला. मी व्याख्या सांगितल्या नाहीत. थर्माकोलचे गोळे आणि टोकदार काड्या दिल्या, एका गोळ्यात चारच काड्या खुपसायच्या, शक्य तितक्या एकमेकींपासून लांब. सगळ्या काड्या एकाच मापाच्या. वीस मिनिटांत जाळी उभी राहिली आणि मधून आरपार दिसायला लागलं. मग तितकेच गोळे दुसऱ्या खोक्यात नुसते ओतले. ते खोकं अर्धंही भरलं नाही. काड्या दाखवून मी विचारलं, "यात कुठली काडी लांब झाली?" त्या मुलीने मान हलवली आणि मग लगेच पुढचा प्रश्न टाकला: "पाण्यात अशा जाळीचे तुकडे आणि ढासळलेले तुकडे वेगवेगळे असतात, की सगळीकडे सारखंच अर्धवट वाकलेलं असतं?"

काका, याचं काय सांगू?

स्फटिकवेडा

तिला सांगा, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. रॉन्टगेन यांनी १८९२ मध्येच सुचवलं होतं की पाणी म्हणजे बर्फासारखा भाग आणि दाट भाग यांचं मिश्रण. आज अतिशीत पाण्यावर, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या पाण्यावर, काम करणाऱ्या अनेकांना दोन प्रकारच्या रचनांचे पुरावे दिसतात. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की नेहमीच्या तापमानाला ते वेगळे प्रकार नसून एकच सलग पसरलेली विविधता आहे, आणि बंध तर एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही हजाराव्या हिश्शाच्या सुमारास जागा बदलत राहतात, मग "तुकडा" म्हणायचं कशाला? मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो, पण पैज लावणार नाही.

अवकाशी

मी पहिल्या बाजूला. अतिशीत पाण्याची संकोच्यता, म्हणजे दाबाखाली आकसण्याची क्षमता, ज्या वेगाने वाढते ते सलग चित्रात मला बसवता येत नाही. काका, यावर वेगळा धागा काढूया का?

स्फटिकवेडा

काढा. ताई, त्या मुलीलाही वाचायला द्या.